व्याधात ठळक रेषा, मग त्याहून तापलेल्या ताऱ्यात जवळपास काहीच का नाही?

रानवाटसरू

कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स आणि तिच्यापुढे मिमीला १०० रेषांचं ग्रेटिंग लावून मृगाच्या भागातल्या चार ताऱ्यांचे वर्णपट घेतले आहेत: व्याध, राजन्य, काक्षी आणि मृगाच्या पोटातल्या बाणातला व्याधाकडचा शेवटचा तारा, अल्निटाक. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा फिल्टर काढलेला आहे, पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. ट्रायपॉड स्थिर, मागोवा नाही, प्रत्येक फ्रेम २० सेकंदांची.

व्याधात निळ्या-हिरव्या भागात तीन काळ्या रेषा स्वच्छ दिसतात. राजन्यात त्याच जागी त्याच रेषा आहेत, पण बारीक. अल्निटाकमध्ये मात्र नुसता गुळगुळीत पट्टा, रेषा आहे म्हणावी तर डोळे ताणून बघावं लागतं. तक्त्याप्रमाणे व्याधाचा वर्ग ए१, राजन्याचा बी८ आणि अल्निटाकचा ओ९.५. म्हणजे तापमान साधारण ९,९००, १२,००० आणि २९,५०० केल्विन. तारा जितका तापलेला तितक्या त्याच्या अणूंच्या हालचाली जास्त, तितक्या रेषा ठळक, असं मी धरून चाललो होतो. इथे तर उलटं दिसतंय. माझं फोकस चुकलं की समज चुकली?

तारकामित्र

फोकस बघा आधी. वर्णपटात हा पहिला संशयित असतो.

बाकी अक्षरांचं म्हणाल तर ती रंगावरून आहेत. तापमान वाढलं की प्रकाशाचा भर निळ्याकडे सरकतो, कमी झालं की लालकडे. ओ निळा, ए पांढरा, जी पिवळा, के नारिंगी, एम लाल. अल्निटाकचा पट्टा निळ्या टोकाला जास्त उजळ दिसत असेल तर तो ओ आहे हे तेवढ्यावरूनच कळलं. रेषांच्या मागे लागायची गरज नाही.

जुनी_दुर्बीण

फोकसचा मुद्दा बरोबर आहे, रंगाचा नाही. आधी मोजमाप करू, कारण रेषा कुठे असायला हवी हे माहीत नसेल तर ती नाही असं म्हणता येत नाही.

ग्रेटिंग लेन्सच्या पुढे असेल तर अंतर म्हणून लेन्सची फोकल लांबीच धरायची:

```
Å/pixel = 10000 × p / (L × d)
        = 10000 × 4.3 / (100 × 50)
        = 8.6
```

पट्ट्याशेजारी ताऱ्याचा जो साधा ठिपका येतो तो शून्य. तिथून पिक्सेल मोजा. हायड्रोजनची एच-बीटा रेषा ४८६१ अँगस्ट्रॉमला असते, म्हणजे ५६५ व्या पिक्सेलवर. एच-गॅमा ४३४० ला, ५०५ वर. एच-डेल्टा ४१०२ ला, ४७७ वर. व्याधातल्या तुमच्या तीन रेषा याच असणार. पाचदहा पिक्सेलचा फरक पडला तर घाबरू नका. लेन्सवर ५० लिहिलेलं असलं तरी ती नेमकी ५० नसते, आणि फोकस फिरवलं की थोडी बदलते. व्याधाच्या एच-बीटावरून तुमचा स्वतःचा आकडा काढा आणि त्या रात्रीच्या सगळ्या ताऱ्यांना तोच वापरा.

आता फोकस. साधी लेन्स सगळे रंग एकाच जागी आणत नाही. पिवळ्यात नेमकं फोकस केलं की ४३०० च्या खाली पट्टा पसरतो आणि माशाच्या शेपटीसारखा रुंदावतो. पण तसं झालं असतं तर व्याधातली एच-डेल्टाही गेली असती. ती दिसतेय आणि चारही तारे एकाच फोकसवर घेतले असतील, तर अल्निटाकमधल्या रेषा खरोखरच फिक्या आहेत. उपकरण ठीक आहे.

रानवाटसरू

चारही एकाच फोकसवर, अर्ध्या तासात घेतलेले. एच-बीटा ५६८ वर मिळाली. पण मग कारण काय?

जुनी_दुर्बीण

या तिन्ही रेषा हायड्रोजनच्या आहेत, पण कुठल्याही हायड्रोजनच्या नाहीत. त्या उमटवायला अणूचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला असावा लागतो. तिथून तो प्रकाश गिळून आणखी वर जातो, तेव्हा दृश्य प्रकाशात काळी रेषा पडते. तळाच्या पातळीवर बसलेला इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशाला दाद देत नाही, त्याच्या रेषा दूर अतिनील भागात पडतात. तळापासून दुसरी पातळी १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट वर आहे, आणि ताऱ्याच्या पृष्ठभागावर हा चढ फार थोड्यांना जमतो. किती जणांना, याचा हिशेब सोपा आहे:

```
N2/N1 = 4 × exp(-10.2 / kT)      k = 8.617e-5 eV/K
T =  5772   ->  5e-9
T =  9900   ->  2.6e-5
T = 29500   ->  0.07
```

सूर्यावर अब्जात पाच अणू. व्याधावर दहा लाखात सव्वीस, म्हणजे सूर्याच्या पाच हजार पट. म्हणून सूर्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा बारीक आणि व्याधात जाडजूड, हायड्रोजन दोन्हीकडे भरपूर असूनही. इथपर्यंत तुमची समज बरोबर आहे.

अल्निटाकवर या हिशेबाने शंभरात सात यायला हवेत, म्हणजे रेषा प्रचंड. पण हा आकडा शाबूत अणूंपैकी किती, एवढंच सांगतो. १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळाले की इलेक्ट्रॉन अणू सोडूनच जातो, आणि उरलेल्या नुसत्या प्रोटॉनला रेषाच नसते. व्याधाच्या तापमानाला साधारण अर्धा हायड्रोजन फुटलेला असतो. अल्निटाकच्या तापमानाला लाखात एखादाच अणू शाबूत राहतो. त्या एखाद्यातले सात टक्के म्हणजे एकूण हिशेबात व्याधापेक्षा कितीतरी कमी.

म्हणजे दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात: तापमान वाढलं की वर चढणारे वाढतात आणि त्याच तापमानाने शाबूत राहणारे घटतात. दोन्हींचा मेळ दहा हजार केल्विनच्या आसपास बसतो. तुमचे तीन तारे या शिखराच्या उताराची तीन ठिकाणं आहेत. व्याध माथ्याजवळ, राजन्य थोडा खाली, अल्निटाक पार पायथ्याशी. राजन्याच्या बाबतीत आणखी एक आहे. तो महाराक्षसी तारा, त्याचं वातावरण विरळ, त्यामुळे त्याच्या रेषा व्याधासारख्या पसरत नाहीत. तिथला बारीकपणा सगळा तापमानाच्या खाती टाकू नका.

तारकामित्र

मग अक्षरं अशी उलटसुलट का? ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. ए सगळ्यात आधी हवा होता ना?

जुनी_दुर्बीण

होता. तुम्ही विचारलंत त्याच कारणाने तो मागे गेला. हार्वर्डला विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८९० च्या यादीत तारे हायड्रोजनच्या रेषांच्या ठळकपणावरून लावले होते: सर्वांत ठळक तो ए, मग बी, असं पुढे क्यूपर्यंत. तेव्हा ठळकपणाचा आणि तापमानाचा संबंध कोणालाच ठाऊक नव्हता. पण ठळकपणा शिखरासारखा चढतो आणि उतरतो, त्यामुळे मध्यम रेषा असलेले तारे दोन तऱ्हेचे निघतात, शिखराच्या अलीकडचे आणि पलीकडचे. ॲनी जंप कॅनन यांनी १९०१ साली हायड्रोजनबरोबर बाकी सगळ्या रेषाही सलग बदलत जातील असा क्रम लावला. काही अक्षरं गळाली, उरलेली जागा बदलून बसली. ओ आणि बी हे ए च्या आधी आले ते यामुळे.

तो क्रम तापमानाचा का आहे हे मात्र मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणाने कळलं, वर अणू फुटण्याचा जो हिशेब सांगितला तोच. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी ते समीकरण हार्वर्डच्या वर्णपटांना लावून प्रत्येक वर्गाला तापमान दिलं. अक्षरं आधी आली, केल्विन पाव शतकानंतर.

गौरी_पन्हाळा

पण ओ म्हणजे तरुण तारे आणि एम म्हणजे म्हातारे असंही आहे ना? तारा थंड होत होत ओ पासून एम कडे सरकतो असं वाचलेलं आठवतं. मग रानवाटसरूंच्या चार ताऱ्यांत काक्षी सर्वांत म्हातारा.

सुमेधा

गौरीताई, ही जुनी कल्पना आहे आणि ती सोडून दिली गेली, पण तिचे शब्द मागे राहिले. आजही ओ-बी ला 'आधीचे' आणि के-एम ला 'नंतरचे' म्हणतात, त्यामुळे गैरसमज होतो. अक्षर फक्त पृष्ठभागाच्या तापमानाचं आहे. काक्षी एम वर्गात आहे आणि त्याचं वय जेमतेम एक कोटी वर्षांच्या घरात. आपला सूर्य जी२, वय ४६० कोटी. बर्नार्डचा तारा एम४, तो सूर्याहूनही जुना. काक्षी आणि बर्नार्ड, दोघांचं अक्षर एकच, पण काक्षीला सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा पोटात जाईल आणि बर्नार्डचा तारा सूर्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा आहे. तापमान सोडून काही हवं असेल तर अक्षरापुढचा रोमन आकडा बघावा लागतो, तो आकारमानाचा.

एवढं खरं की ओ तारे फार जगत नाहीत, त्यामुळे ओ दिसला की तो तरुणच. उलट बाजूने मात्र हे चालत नाही.

आणि तारकामित्र, रंगाबद्दल. भुजंगधारीतला झीटा तारा घ्या. त्याचा रंग मोजला तर जवळपास अभिजितसारखा येतो, म्हणजे रंगावरून वर्ग दिला तर ए०. प्रत्यक्षात तो ओ९.५ आहे, तीस हजार केल्विनच्या वरचा. आपल्या आणि त्याच्या मध्ये धूळ आहे. ती निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे तारा कमी निळा दिसतो. पण धूळ नवीन रेषा उमटवून त्याला ए करू शकत नाही. त्यात हायड्रोजन फिका आणि हीलियम हजर, यावरून तो पकडला जातो. अक्षर रेषांवरून द्यायचं ते याच्यासाठी. रंग हा अंदाज आहे.

तारकामित्र

हे माहीत नव्हतं. रंगाचा आग्रह मागे घेतो. पण धूळ नसलेल्या जवळच्या ताऱ्यांना तरी रंग पुरतो, हे धरून आहे.

सुमेधा

जवळच्यांना ढोबळ मानाने पुरतो. त्यातही बी आणि ओ मध्ये रंग फारच थोडा बदलतो. पंधरा हजाराच्या पुढे ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अतिनीलमध्ये गेलेला असतो आणि दृश्य भागातला उतार जवळजवळ सारखाच राहतो.

शाळेचा_फळा

थोडं वेगळं विचारतो. आमच्या वर्गातल्या तक्त्यात एम तारा लालभडक रंगवलाय. पोरांना काक्षी आणि ज्येष्ठा दाखवले तर म्हणतात, सर, हे नारिंगी आहेत. तक्ता चूक की पोरं?

जुनी_दुर्बीण

पोरं बरोबर. घरातला जुना पिवळा बल्ब, तारेचा, त्याची तार साधारण २,७०० केल्विनला तापते. काक्षी ३,६०० च्या आसपास आहे, म्हणजे बल्बपेक्षा गरम. बल्बला कोणी लालभडक म्हणत नाही. तक्त्यातला लाल हा वर्ग ओळखायला दिलेला रंग समजा. वर्गात दाखवायचं असेल तर तसा बल्ब आणि पांढरा एलईडी शेजारी लावा, पण एलईडीच्या रंगावरून तापमान काढायला सांगू नका, तो तापून प्रकाशत नाही.

रानवाटसरू

काक्षीचं आत्ता मोजलं. खूप पट्टे आहेत. सर्वांत ठळक दोन लाल भागात, ८०२ आणि ८८७ पिक्सेलला, म्हणजे ६८७० आणि ७५९० च्या जवळ. हेच टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे ना, ज्यावरून एम ओळखतात? त्यांच्या खोलीवरून एम१ की एम२ हे काढता येईल का?

सुमेधा

तेच दोन पट्टे तुमच्या व्याधाच्या फ्रेममध्ये शोधा.

रानवाटसरू

आहेत! व्याधात टायटॅनियम ऑक्साइड??

सुमेधा

नाही. दहा हजार केल्विनला तो रेणू टिकूच शकत नाही. ते दोन्ही पट्टे आपल्या हवेतल्या ऑक्सिजनचे आहेत, ६८६७ आणि ७५९४ चे. प्रत्येक ताऱ्यात त्याच पिक्सेलवर येतात आणि तारा क्षितिजाकडे झुकला की खोल होतात, कारण प्रकाश जास्त हवेतून येतो. फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्यात ते हमखास दिसतात. खात्री करायची असेल तर व्याध मावळताना पुन्हा घ्या.

टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे तुम्हाला हवेत ते ४९५४, ५१६७, ६१५९ आणि ७०५४ ला सुरू होतात. तुमच्या हिशेबात ८.६ ने भागलं तर ५७६, ६०१, ७१६ आणि ८२० वे पिक्सेल, आणि तुमची एच-बीटा ५६८ वर आली म्हणजे सगळे अर्ध्या टक्क्याने पुढे. ओळख त्यांच्या आकाराची आहे: निळ्या बाजूला कड्यासारखी सरळ कडा आणि लालकडे हळूहळू भरत जाणारा उतार. एका बाजूने करवतीच्या दातासारखा दिसतो. हायड्रोजनची रेषा दोन्ही बाजूंनी सारखी असते. हा दात के५ च्या रोहिणीत नुसता जाणवतो, काक्षीत स्पष्ट होतो, आणि एम५-एम६ ला पोचेपर्यंत अख्खा लाल भाग जिन्यासारखा होतो.

आणखी एक सावधगिरी. कॅमेऱ्याचे लाल, हिरवे, निळे पिक्सेल जिथे एकमेकांना काम सोपवतात तिथे पट्ट्यात खळगे येतात. तेही रेषा वाटतात. व्याधाचा वर्णपट काढून त्याला प्रमाणित ए१ च्या वर्णपटाने भागा, जे उरेल तो तुमच्या कॅमेऱ्याचा आणि त्या रात्रीच्या हवेचा ठसा. त्या ठशाने काक्षीला भागलं की हे खळगे जातात. ऑक्सिजनचे पट्टे पूर्ण जाणार नाहीत, दोन तारे सारख्या उंचीवर नसतील तर उरतात.

जुनी_दुर्बीण

एम१ की एम२ हे मात्र या साधनाने सांगू नका. स्थिर ट्रायपॉडवर तुमचा तारा सेकंदाला ०.८५ पिक्सेल सरकतो, २० सेकंदांत १७. ग्रेटिंगचा पट्टा उत्तर-दक्षिण लावला असेल तर हे सरकणं पट्टा रुंद करतं आणि ते उपयोगाचंच आहे. तो जरा जरी तिरका असेल तर तेच सरकणं रेषा पुसतं. ग्रेटिंग फिरवून पट्टा ताऱ्याच्या वाटेला काटकोनात आणा. तरी एकूण विभेदन तीसेक अँगस्ट्रॉमचं धरा. त्यात ए, एफ, जी, के, एम वेगळे करता येतील, उपवर्ग नाहीत.

तारकामित्र

काक्षी २०१९-२० ला मंद झाला तेव्हा तो थंड होऊन पुढच्या उपवर्गात गेला होता ना? निदान एवढं तर पट्ट्यांच्या खोलीवरून दिसलं असणार.

सुमेधा

बघितलं गेलं आणि अपेक्षेपेक्षा फारच कमी निघालं. फेब्रुवारी २०२० मध्ये याच पट्ट्यांवरून तापमान ३,६०० केल्विन आलं. त्याच पद्धतीने २००४ साली ३,६५० आलं होतं. ५० केल्विनच्या घटीने एवढी मंदी होत नाही. म्हणून धुळीकडे बोट गेलं.

जुनी_दुर्बीण

इथे मी सुमेधाशी पूर्ण सहमत नाही. हे पट्टे वातावरणाच्या वरच्या थरांत तयार होतात, आणि काक्षीचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा तापलेला नाही. अर्ध्या चकतीवर थंड डाग असेल तर उजळ अर्ध्याचा प्रकाश जास्त येतो आणि सरासरी तापमान फसवं येतं. नंतरच्या चित्रांत दक्षिण अर्धा मंद दिसला, आणि थंड डाग व धूळ दोन्ही मिळून, असं स्पष्टीकरण पुढे आलं. कशाचा वाटा किती, यावर मी ५० केल्विनच्या आकड्याच्या आधाराने पैज लावणार नाही.

सुमेधा

डाग होता हे मान्य. पण नुसता डाग पुरला असता असं मला अजून वाटत नाही.

रानवाटसरू

व्याधाने भागल्यावर काक्षीत ५७९, ६०५ आणि ७२० ला करवतीचे दात दिसले. ८०२ चा पट्टा निम्मा झाला, ८८७ चा थोडा उरला.

अल्निटाकमध्ये एक बघा ना. ५२३ व्या पिक्सेलला हलकासा खळगा आहे. एच-गॅमा नाही ती, ती ५०७ ला असेल. ४४७१ ला हीलियमची रेषा असते असं दिसतंय. ती हीच का?

जुनी_दुर्बीण

जागा जुळते. पण त्या ताऱ्यात ही रेषा जेमतेम एका अँगस्ट्रॉमच्या रुंदीची, आणि तुमचं विभेदन तीसचं. म्हणजे खळगा तीन-चार टक्क्यांचा असायला हवा. एका फ्रेममध्ये गोंगाटच तेवढा असतो. अल्निटाकच्या तीस फ्रेम घ्या, पंधरा-पंधराचे दोन गट करून वेगवेगळे जोडा. दोन्ही गटांत खळगा त्याच पिक्सेलवर, तेवढाच खोल आला तर हीलियम. शिवाय राजन्याच्याही तेवढ्याच घ्या. त्यात ही रेषा फिकी असायला हवी. तिथेही तेवढाच खोल आला, तर तो कॅमेऱ्याचा खळगा आहे.

रानवाटसरू

आज ढग आहेत. निरभ्र झालं की तीस-तीस फ्रेम घेऊन इथेच आकडे टाकतो.